बनारसमध्ये पाच रात्री हॉस्टेलात: कुठली डॉर्म, कसला लॉकर, कुठला घाट?

रानजाई
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ बनारसला चाललोय. नाशिकरोडहून महानगरीचं तिकीट झालंय, पाच रात्री राहणार. हॉटेलचं बजेट नाही आणि हॉस्टेलात दोघंही आजवर कधी राहिलेलो नाही. शोधून शोधून तीन जागा उरल्यात. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा जाहिरातीचा व्हायचा.

अ: अस्सी घाटाजवळ. ८ बेडची मिक्स डॉर्म, बाथरूम खोलीतच. ६५० रुपये बेड. गूगलवर ४.४.
ब: गोदौलियाच्या मागच्या गलीत, दशाश्वमेधला चालत जाता येतं. १२ बेडची मिक्स डॉर्म, बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये. ५५०. शिवाय ६ बेडची लेडीज डॉर्म आहे, ती ६२०. रेटिंग ४.२.
क: कँट स्टेशनजवळ. ६ बेड, एसी, ४२०. रेटिंग ४.७.

भाऊ म्हणतो 'क'च घ्यायचं, स्वस्त आहे, बेड कमी आहेत, रेटिंगही सगळ्यात जास्त. मला सकाळची नाव आणि संध्याकाळची आरती दोन्ही निवांत बघायच्यात. लॉकरचंही कळत नाही, तिन्हीकडे नुसतं 'लॉकर उपलब्ध' एवढंच लिहिलंय. कोणी राहिलंय का?

अण्णा_भटके
भाऊ बरोबर बोलतोय. माझे तीन नियम आहेत. बेड जितके कमी तितकी झोप शांत, रेटिंग साडेचारच्या वर, आणि बाई माणूस सोबत असेल तर लेडीज डॉर्म. एवढं पाळलं की कुठेही जा, प्रॉब्लेम येत नाही. शिवाय गाडी पहाटे पोचते, स्टेशनजवळ असलेलं बरं. शहर काय, दहा-वीस रुपयांत शेअर रिक्षा मिळते.

दुर्गाघाटकर
आमच्या दोन पिढ्या बनारसात दुर्गाघाटावर राहिल्या, म्हणून जागेपुरतं बोलतो. डॉर्म वगैरे तुम्ही तरुण मंडळी बघा.

कँट ते गोदौलिया अंतर चारेक किलोमीटर, कँट ते अस्सी सहाच्या आसपास. नकाशावर हे किरकोळ वाटतं. पण नाव धरायची तर सूर्योदयाआधी घाटावर पाहिजे. डिसेंबरात उजाडायला साडेसहा होतात, म्हणजे सव्वापाच-साडेपाचला निघायचं. त्या वेळी धुक्यात शेअर रिक्षा भरत नाही, आख्खी करावी लागते आणि तो मागेल तो भाव. दुपारी जेवून पडावंसं वाटलं की परत कँट, संध्याकाळी आरतीला पुन्हा घाट, आरती सुटली की हजारो माणसं एकदम गोदौलियाच्या चौकात येतात आणि तिथं गाड्या अडवलेल्या असतात. तेव्हा परत जाताना आधी अर्धा तास चालायचं, मग टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, शोधायची.

मुली, तुझ्याच आकड्यांत बघ. 'अ' आणि 'क' मध्ये माणशी रोज २३० रुपयांचा फरक, म्हणजे दोघांचे ४६०. पहाटेची आख्खी रिक्षा दीडशे धर, येताना शेअर. संध्याकाळी पुन्हा जाऊन-येऊन. यातच दोनेकशे जातात. उरलेले दोन-अडीचशे वाचतील खरे, पण दुपारची विश्रांती गेली आणि रोजचे दोन तास रस्त्यात गेले. स्टेशनजवळचं हॉस्टेल एका रात्रीसाठी, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी असेल तर. पाच रात्रींसाठी नाही.

आता 'अ' की 'ब'. अस्सी मोकळं आहे, रस्ता रुंद आहे, रिक्षा जवळजवळ दारापर्यंत येते. दशाश्वमेध तिथून घाटाघाटानं चालत पाऊण तासावर. गोदौलियाच्या मागे सगळं पायाखाली, पण गाडी चौकात सोडते आणि पुढे गली. पाठीवर ओझं, समोरून गाय, बाजूनं मोटरसायकल. नकाशावर दोनशे मीटर दिसत असेल आणि वाटेत दोन वळणं चुकाल. हॉस्टेलवाल्यांना फोन करून विचार, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून किती पायऱ्या. मीटर विचारू नको.

सुमन_कोथरूड
लॉकरचं मी सांगते. विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाईल, घड्याळ, पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत. बाहेर प्रसादाच्या दुकानांत लॉकर असतात. दुकानदार म्हणतो लॉकर फुकट, पण त्याच्याकडूनच हार-पेढे घ्यावे लागतात. आम्ही चौघी गेलो होतो, पेढ्यांची एक टोपली घेतली आणि चारही फोन एकाच कप्प्यात ठेवले. किल्ली मात्र आपल्याजवळच ठेवा. आणि कुठलं दुकान ते लक्षात ठेवा, सगळी सारखीच दिसतात, परत येताना आम्ही तीन वेळा तिथेच घिरट्या घातल्या.

रानजाई
सुमनताई, थॅंक्यू, हे पण लागणारच होतं. पण मी हॉस्टेलातल्या लॉकरबद्दल विचारत होते. सामान ठेवून दिवसभर बाहेर राहायचंय.

काका, 'क' बाद. भावाला तुमचा हिशोब वाचून दाखवला, तो म्हणाला पहाटे उठायचंच कशाला. त्याच्याकडे लक्ष देत नाही.

लोअरबंक
एका हॉस्टेलात काही महिने राहणं-जेवण या बोलीवर रिसेप्शन सांभाळलंय. ते गाव दुसरं होतं, पण खोल्या सगळीकडे त्याच. आधी लॉकर.

'लॉकर उपलब्ध' म्हणजे तीनपैकी काहीतरी एक असतं. पहिला प्रकार, भिंतीला लावलेले लोखंडी कप्पे. यात पासपोर्ट, लॅपटॉप, कॅमेरा राहतो, पन्नास लिटरची सॅक राहत नाही. सॅक मग बेडखाली नाहीतर दोन बंकांच्या मधे उभी. दुसरा, खालच्या बंकाखालचा मोठा खण किंवा जाळीचा पिंजरा. यात आख्खी सॅक आडवी जाते. तिसरा, आकडे दाबून उघडणारा. दिसायला भारी, पण मास्टर कोड रिसेप्शनवर असतोच आणि सेल संपला की त्यांनाच बोलवावं लागतं. आमच्याकडे रात्री अडीचला लोक उठवायला यायचे.

कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं आपण न्यायचं, नाहीतर तिथे भाड्यानं किंवा विकत. इथे लोक घरचं जाडजूड कुलूप नेतात आणि त्याची कडी लॉकरच्या भोकातून जातच नाही. बारीक कडीचं, पाचेक मिलिमीटरचं, आकड्यांचं कुलूप न्या. किल्ली आंघोळीला जाताना कुठे ठेवायची हा प्रश्न येत नाही. दोघांना दोन.

खोलीत गेल्यावर सामान टाकायच्या आधी अर्धा मिनिट लॉकरकडे बघा. कडी ज्या पट्टीला आहे तिचे स्क्रू बाहेरून दिसतायत का? दिसत असतील तर कुलूप कितीही चांगलं असो, स्क्रू काढायला पेचकस पुरतो. बंकाखालचा खण असेल तर गादी एका कोपऱ्यातून उचला. खाली प्लायवूडचं पूर्ण फळकूट असेल तर ठीक. नुसत्या सुट्या पट्ट्या असतील तर दोन पट्ट्या सरकवल्या की वरून हात थेट खणात जातो. असं दिसलं तर सॅक खणात राहू द्या, पण पैसे आणि कागद रिसेप्शनच्या तिजोरीत किंवा अंगावर.

आता बेडचे आकडे. अण्णा, कमी बेड म्हणजे शांत हे नेहमी खरं नाही. सहा बेडच्या खोलीत चार मित्रांचा ग्रुप आला की ती त्यांची खोली होते, उरलेले दोघं पाहुणे. बारा बेडमध्ये बहुतेक जण एकमेकांना अनोळखी असतात, त्यामुळे कोणी मोठ्यानं बोलत नाही. घोरणारा मात्र बारात एक तरी निघतोच, हे मान्य. कानात घालायचे बोळे घेऊन जा.

मी बेडच्या आकड्याआधी बाथरूम कुठे आहे ते बघतो. रानजाई, तुझ्या 'अ' मध्ये आठ जणांत एक बाथरूम आणि तेही खोलीत. बनारसमध्ये निम्मी खोली पहाटे पाचला नावेसाठी उठणार. प्रत्येक जण आत जाणार, दार उघडलं की दिवा खोलीत, फ्लश, गीझर, ओल्या चपला. तुम्ही एक दिवस नावेला जाल, बाकीचे चार दिवस इतरांच्या नावेसाठी जागे व्हाल. 'ब' मध्ये बाथरूम पॅसेजला आहे, रात्री स्वेटर घालून बाहेर जावं लागेल, पण खोली शांत राहील. दोघांनाही जमलं तर दारापासून लांबचा खालचा बंक मागा. बुकिंगच्या वेळी 'लोअर' लिहिलं तरी ते नक्की नसतं, आदल्या दिवशी मेसेज टाका. आणि बंकाला पडदा आहे का बघा. पडदा असेल तर बारा बेडचीही भीती वाटत नाही.

अण्णा_भटके
बाथरूमचं पटलं. पण 'क'च्या ४.७ बद्दल कोणी काही बोललंच नाही. एवढे लोक काय खोटं लिहितात?

लोअरबंक
खोटं नाही, मागून घेतलेलं. आमच्याकडे चेकआउटला मालकानं सांगून ठेवलं होतं की पाहुणा हसत निघाला की त्याला तिथल्या तिथे गूगल उघडायला लाव, एक चहा फुकट. माझ्या नावानं कितीतरी पंचतारांकित रिव्ह्यू तिथे पडलेत. आपापल्या हॉस्टेलचं पान उघडा आणि बघा, ओळीनं 'अमुक भैया खूप हेल्पफुल' असंच असेल आणि गादी, पाणी, आवाज याबद्दल शब्द नसेल तर ते रेटिंग स्टाफच्या गोडव्याचं आहे.

गूगलवर कोणीही लिहू शकतो, तिथे राहिलेला असो वा नसो. बुकिंग साइटवर ज्यानं तिथून बुक केलंय त्यालाच लिहिता येतं. हॉस्टेलवर्ल्डवर तर स्वच्छता, जागा, सुरक्षा असे वेगळे गुण असतात. सरासरी नऊ आणि स्वच्छता साडेसात असं दिसलं की मी साडेसात धरतो.

मी असं वाचतो. क्रम 'नवीन आधी' लावायचा, कारण हॉस्टेलं चालवायला देतात, मालक बदलतो, पाटी तीच राहते. मग पाचवाले आणि एकवाले सोडून तीन-चारवाले. एकवाल्याचं बहुतेकदा पैसे परत मिळण्यावरून भांडण झालेलं असतं. तीनवाला शांतपणे सांगतो की सगळं छान, पण गरम पाणी सकाळी आठनंतर संपतं. आणि तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यातले, म्हणजे गेल्या डिसेंबर-जानेवारीचे. मे महिन्यात कोणी ब्लँकेटबद्दल लिहिणार नाही आणि एसीचं कौतुक डिसेंबरात तुमच्या काही कामाचं नाही. शेवटी पाहुण्यांनी टाकलेले फोटो, हॉस्टेलचे नव्हे.

एक शब्द मात्र शोधाच, ढेकूण. bed bugs असं टाकून रिव्ह्यूंमध्ये सर्च करा. जुना एखादा सापडला तर घाबरू नका, कुठेही होतं, पण दोन महिन्यांत दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं असेल तर सोडा. तिथे गेल्यावर चादर उचलून गादीची शिवण बघा, कोपऱ्यात काळे बारीक ठिपके असतात. लाकडी बंक असेल तर सांध्यांमध्ये टॉर्च मारा. सॅक तोवर जमिनीवर, गादीवर नको.

बर्लिनकर
इथे जर्मनीत वेगळंच. बऱ्याच जागी स्वतःची स्लीपिंग बॅग चालत नाही, याच ढेकणांमुळे, त्यांचीच चादर घ्यावी लागते. टॉवेल भाड्यानं. बनारसला टॉवेल देतात का ते विचारून घ्या. आणि वाय-फाय कसं असतं तिकडे? मला पुढच्या वर्षी महिनाभर तिथून काम करायचंय, डॉर्ममध्ये बसून मीटिंग करता येतात का?

रेवती_जी
बर्लिनकर, डॉर्ममध्ये मीटिंग करू नका हो, बाकीचे झोपलेले असतात.

रानजाई, लेडीज डॉर्मबद्दल मी थोडं वेगळं सांगते. मी एकटी फिरते. अण्णा म्हणतात तसं 'बाई आहे म्हणून लेडीज' हे मी डोळे झाकून करत नाही. कितीतरी ठिकाणी लेडीज डॉर्म सगळ्यात वरच्या मजल्यावर असते, लिफ्ट नाही, आणि बाथरूम मात्र खालच्या मजल्यावरचं, सगळ्यांचं सामायिक. मग रात्री त्या जिन्यानं उतरायचंच ना. त्यापेक्षा पडदे असलेली, रिसेप्शनजवळची मिक्स डॉर्म मला जास्त सुरक्षित वाटते. विचारायचे प्रश्न तीनच. लेडीज डॉर्म कुठल्या मजल्यावर, तिचं बाथरूम वेगळं का, आणि रात्री रिसेप्शनवर कोणी जागं असतं का. सुरक्षेबद्दल मी बायकांनी लिहिलेले रिव्ह्यूच वाचते.

तू आणि भाऊ वेगवेगळ्या खोल्यांत राहिलात तर सामानही वाटून घ्या. चार्जर एकाकडे आणि फोन दुसऱ्याकडे असं होऊ देऊ नका.

लोअरबंक
रेवती, मजल्याचा मुद्दा बरोबर आहे. पण पहिल्यांदाच डॉर्ममध्ये झोपणाऱ्या मुलीला मी तरी लेडीजच सांगेन. पहिली रात्र अवघड जाते, कोण आलं कोण गेलं याकडे कान असतात. दोन रात्री लेडीज, मग वाटलं तर बदला.

रेवती_जी
ती एकटी नाहीये, भाऊ आहे बरोबर. एकाच खोलीत खाली-वर बंक मिळाले तर लेडीजची गरजच काय? असो, तिचं तिला ठरवू दे.

रानजाई
दोन दिवस सगळं वाचून काढलं. अपडेट देते.

'क'च्या शेवटच्या तीस रिव्ह्यूंमध्ये खरंच एकाच मॅनेजरचं नाव परत परत आहे, बेडबद्दल कोणी काही लिहिलेलंच नाही. 'अ' मध्ये गेल्या जानेवारीत तिघांनी गरम पाण्याबद्दल तक्रार केलीय, आणि एकानं लिहिलंय की खोलीतल्या बाथरूमचं दार लागत नाही. 'ब' ला स्वच्छतेत चांगले गुण आहेत. लोकांनी रेटिंग कापलंय ते गलीवरून, 'सापडत नाही', 'सामान घेऊन चालावं लागतं' वगैरे.

'ब' ला फोन केला. गाडी गोदौलिया चौकापर्यंत, पुढे सातेक मिनिटं चालत, माणूस घ्यायला पाठवतो म्हणाले. लेडीज डॉर्म दुसऱ्या मजल्यावर, बाथरूम त्याच मजल्यावर वेगळं. लॉकर बंकाखालचे. गादीखाली फळकूट आहे का विचारलं तर तो हसायला लागला, म्हणाला आजवर कोणी विचारलं नाही, मग जाऊन बघून सांगितलं, फळकूट आहे. ओळखपत्र आधार चालेल, पॅन कार्ड नाही.

म्हणजे 'ब', मी लेडीज, भाऊ मिक्स. दोघांचे मिळून रोज ११७०, पाच रात्रींचे ५८५०, वर कर. फक्त गाडी पहाटे पोचते आणि चेक-इन दुपारी एकला. तोवर काय करायचं?

दुर्गाघाटकर
धुक्याच्या दिवसांत महानगरी पहाटे पोचेल असं धरू नका, तीन-चार तास सहज उशीर होतो. वेळेवर आलीच तर अंधारात गलीत शिरू नका, स्टेशनवर वेटिंग रूममध्ये उजाडेपर्यंत बसा. मग गोदौलिया. सामान त्यांच्याकडे टाकायचं आणि घाटावर जायचं. तिथून उत्तरेला चालत निघालात की मणिकर्णिकेपाशी घाटाची वाट सुटते, गलीतून वळसा घालून पुन्हा खाली. पुढे भोसले घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. ही जुनी मराठी वस्ती. गंगेचं पाणी ओसरलेलं असतं तेव्हाच हे असं चालता येतं. पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतात, मग कुठलंही हॉस्टेल कुठल्याही घाटापासून लांबच.

लोअरबंक
सामान ठेवायची खोली कुलूपबंद आहे का विचार. पुष्कळ ठिकाणी ती म्हणजे जिन्याखालचा कोपरा असतो. लॅपटॉप असेल तर तो त्या सॅकमध्ये ठेवू नका. आणि पॅसेजमधल्या बाथरूममध्ये चेक-इनआधी आंघोळ करू देतात, नुसतं विचारायचं. पाचही रात्री आत्ताच पक्क्या करू नका, आधी तीन करा. आवडलं तर तिथेच वाढवा.

दुर्गाघाटकर
हे मला पटत नाही. डिसेंबरात लग्नसराई, सहली, शनिवार-रविवारी दर्शनाची गर्दी. चौथ्या दिवशी बेड नाही म्हणाले तर ओझं घेऊन कुठे फिरणार? पाचही करून टाका.

लोअरबंक
काका, डॉर्मचे बेड लग्नाच्या पाहुण्यांनी भरत नाहीत हो. शनिवार-रविवारचं मान्य. रानजाई, तुझ्या पाच रात्रींत शनिवार येतो का?

रानजाई
शेवटच्या दोन रात्री शुक्रवार-शनिवार.

लोअरबंक
मग काकांचं ऐक, पाचही कर. फक्त कुठल्या तारखेपर्यंत फुकट रद्द करता येतं ते बघून घे.

सुमन_कोथरूड
गच्चीवर कपडे वाळत घातले तर लक्ष ठेवा, माकडं नेतात. आमच्या एकीचा स्वेटर समोरच्या देवळाच्या कळसापाशी गेला होता.

बर्लिनकर
वाय-फायचं कोणी सांगेल का?